आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी लिहिलेला मजकूर तपासून हवा आहे

नातू_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या आजीला या जूनमध्ये ऐंशी वर्षं पूर्ण होतात. रविवारी, १४ जूनला कराडला छोट्या हॉलमध्ये घरचा कार्यक्रम आहे, साठेक माणसं. मी उभा राहून तिच्यासाठी लिहिलेलं वाचायचं आणि मग तोच कागद तिच्या हातात द्यायचा, असं ठरलंय. मसुदा खाली देतो. मला तो गोड वाटतो, पण बहीण म्हणते की हा कुणाच्याही आजीला चालेल. कुठं काय बदलू ते सांगा.

"प्रिय आजी, आपणास ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा! आपण आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ आहात. आपण स्वातंत्र्यलढा पाहिलात, दुष्काळ सोसलात, अपार कष्ट करून सर्वांना वाढवलंत. हजार पौर्णिमांचा प्रकाश पाहिलेली तू आमच्यासाठी प्रेमाचा अथांग सागर आहेस. तुझ्या हातच्या जेवणाची चव जगात कुठेच नाही. ईश्वर आपणास उदंड आयुष्य व निरोगी आरोग्य देवो. शतायुषी व्हा!"

तिचा जन्म १९४६चा, वटपौर्णिमेचा. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९४६ आहे.

भटक्या०७

अभिनंदन! ही चारोळी टाक शेवटी, स्टेटसलाही चालेल:
"ऐंशी पावसाळे पाहिले तू / तरी हसू तुझं ओलं, / तुझ्या एका हाकेनं आजी / घर अमुचं बोलतं झालं."
वर तिचा फोटो आणि फुलांची चौकट. माझ्याकडे तयार चौकटी आहेत, हव्या असतील तर सांग.

अवंती

भटक्या, त्याला स्टेटस नकोय, आजीसमोर वाचायचा मजकूर हवाय.

नातू, तुझी बहीण बरोबर बोलते. पण आधी एक सोपी गोष्ट. पहिल्या तीन वाक्यांत 'आपण', चौथ्यात 'तू', पाचव्यात 'तुझ्या', मग पुन्हा 'आपणास' आणि शेवटी 'व्हा'. दोन-तीन तयार संदेशांचे तुकडे जोडले की असंच होतं, आणि मोठ्यानं वाचताना ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. घरी तू तिला काय म्हणतोस? 'अगं आजी' म्हणत असशील तर पूर्ण मजकूर 'तू'मध्येच हवा. जन्मभर 'तू' म्हटलेल्या माणसाला एके दिवशी 'आपण' म्हटलं की आदर वाढत नाही, अंतर वाढतं.

'निरोगी आरोग्य'सुद्धा काढ. आरोग्य म्हणजेच रोग नसणं. 'चांगलं आरोग्य' म्हण, नाहीतर नुसतं 'आरोग्य'.

नातू_कृष्णाकाठ

आम्ही सगळी नातवंडं तिला 'माई' म्हणतो आणि 'तू'च म्हणतो. लिहिताना 'आजी' बरं वाटलं.

अवंती

मग पहिला शब्द 'माई'. बाकी मजकूर कितीही बदलला तरी हा बदल सगळ्यात मोठा. 'प्रिय'चीही गरज नाही. नुसतं 'माई,' म्हणून थांबायचं. हॉलमध्ये सगळ्यांसमोर हाक मारली की ती वर बघेल. ते झालं की पुढचं वाचायचं.

मेघा_डब्लिन

माझी अडचण वेगळी आहे. मी नातसून आहे आणि आजेसासूबाईंना 'तुम्ही' म्हणते. आमच्याकडेही सप्टेंबरमध्ये ऐंशी होताहेत. नवऱ्याच्या नावानं एकत्र लिहिलं तर 'तू' की 'तुम्ही'?

अवंती

मेघा, एकत्र लिहू नका. एकाच कागदावर त्याचा परिच्छेद 'तू'मध्ये आणि खाली तुमच्या चार ओळी 'तुम्ही'मध्ये, प्रत्येकाखाली आपापलं नाव. एकत्र लिहिलं की कुणाचा तरी आवाज खोटा होतो.

रमाकांत_मिरज

जुन्या पद्धतीनं सुरुवात केली तर आजीला जास्त आवडेल. 'तीर्थरूप माईस, शि. सा. न. वि. वि.' नातवानं आजीला शिरसाष्टांग नमस्कारच लिहायचा असतो. शिवाय तुमची शेवटची ओळ उलटी आहे. 'शतायुषी व्हा' हा मोठ्यांनी लहानांना द्यायचा आशीर्वाद. नातवानं नमस्कार करायचा, आशीर्वाद मागायचा.

आणि हजार पौर्णिमा अजून झालेल्या नाहीत. १००० भागिले १२ म्हणजे ८३ वर्षं ४ महिने. तेव्हा सहस्रचंद्रदर्शन करायचं. आत्ता लिहिलंत तर चूक होईल.

तिथीमित्र

रमाकांतराव, हजार झाल्या नाहीत हे बरोबर, पण ८३ वर्षं ४ महिने हे बरोबर नाही. वर्षात बाराच पौर्णिमा धरल्यात तुम्ही. दोन पौर्णिमांमधलं अंतर सरासरी २९.५३ दिवसांचं असतं, त्यामुळे हजार पौर्णिमा साधारण २९,५३० दिवसांत होतात, म्हणजे ८० वर्षं आणि दहा महिन्यांच्या आसपास. पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर मधले अधिक मास तुमच्याकडून राहिले.

नातवानं तिथी दिली आहे म्हणून मोजून दाखवतो. १९४६ची वटपौर्णिमा १४ जूनला होती, शुक्रवारी. तुमचा हॉल १४ जूनचाच आहे, म्हणजे तारखेनं बरोबर ऐंशी पूर्ण. तारीख कुणी मुद्दाम काढली की रविवार बघून?

नातू_कृष्णाकाठ

रविवार बघून! तिची खरी तारीख घरात कुणालाच माहीत नव्हती, फक्त वटपौर्णिमा माहीत होती. १ जून तर दाखल्यावरची.

तिथीमित्र

त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजी तीच तारीख लिहीत. म्हणून मजकुरात जन्मतारीख घालायची असेल तर दाखल्यावरून कधीच घेऊ नये, घरातली आठवण विचारावी. 'वटपौर्णिमा', 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' असं काही हाती लागलं आणि साल पक्कं असलं की जुन्या पंचांगातून तारीख निघते.

आता मोजणी. ज्येष्ठ पौर्णिमा १९४६ ते ज्येष्ठ पौर्णिमा २०२६ ही ८० वर्षं. ८० गुणिले १२ म्हणजे ९६०. या काळात अधिक मास आले ३०, यंदाचा अधिक ज्येष्ठ धरून. एकूण ९९०. जन्मरात्रीची पौर्णिमा पहिली धरली तर यंदाची वटपौर्णिमा ९९१वी. मात्र यंदाची वटपौर्णिमा निज ज्येष्ठात आहे, २९ जूनला. १४ तारखेला अधिक महिनाच चालू असेल. तेव्हा १४ जूनला माईच्या खात्यात ९९० पौर्णिमा.

पुढं बोटांवर मोजा. आषाढ ९९२, श्रावण ९९३, भाद्रपद ९९४, आश्विन ९९५, कार्तिक ९९६, मार्गशीर्ष ९९७, पौष ९९८, माघ ९९९ आणि फाल्गुन १०००. माईची हजारावी पौर्णिमा मार्च २०२७ची, होळीची.

नातू_कृष्णाकाठ

हे वाचून अंगावर काटा आला. माईच्या घरासमोरच होळी पेटते.

अवंती

तुझ्या मजकुराचा शेवट सापडला.

रमाकांत_मिरज

तिथीमित्र, अधिक मास माझ्या ध्यानात आले नाहीत, मान्य. पण मग जन्मरात्रीची पौर्णिमा का धरायची? 'दर्शन' म्हणजे पाहणं. त्या रात्री बाळानं चंद्र पाहिला का? ती सोडली तर हजारावी चैत्र पौर्णिमेला येते, हनुमान जयंतीला. शिवाय अधिक महिन्यात कार्यक्रम ठेवूच नये.

तिथीमित्र

जन्माची पौर्णिमा धरायची की नाही, यात मी हात घालत नाही. दोन्ही प्रकारे मोजणारे आहेत, आणि काही घरांत ८० पूर्ण झाल्यावर सोयीचा मुहूर्त धरून सोहळा करतात. नातवानं घरच्या गुरुजींना विचारावं. सोहळ्याचा होम, शांत वगैरे अधिकात करत नाहीत हे खरं, पण १४ तारखेला तसं काही नाही. माणसं जमणार, औक्षण होणार, जेवण होणार. त्याला कुणी हरकत घेतली तर औक्षण २९ला वटपौर्णिमेच्या दिवशी घरी पुन्हा करा.

एक शुद्धलेखनाचं. कुणी बॅनर छापणार असेल तर शब्द 'सहस्र' आहे, 'सहस्त्र' नाही. त्यात त नाही. आणि 'अभीष्टचिंतन'मध्ये भी दीर्घ. छापखान्यात हे दोन्ही हमखास चुकतात, आणि एकदा फ्लेक्स टांगला की दिवसभर फोटोत तेच दिसतं.

सुमनताई

वटपौर्णिमेवरून एक विचारू? आजोबा आहेत का?

नातू_कृष्णाकाठ

नाही. सहा वर्षं झाली.

सुमनताई

मग वटपौर्णिमेचा उल्लेख जपून करा. त्या पिढीतल्या बायकांनी नवरा गेल्यावर वडाची पूजा बंद केलेली असते. 'वडासारखी सावली देणारी माई' असं कुणीतरी सुचवेलच, पण त्या दिवशी तिला न मिळणारी गोष्ट त्यातून पुढं येते. 'तू वटपौर्णिमेची' एवढंच म्हणणं आणि 'वडाला फेऱ्या मारल्यास' म्हणणं यात खूप फरक आहे. आधी आत्याला विचारा की माई स्वतः जन्मदिवस कसा सांगते. ती आपणहून 'मी वटपौर्णिमेची' म्हणत असेल तर तेवढंच घ्या.

आजोबांबद्दलही. 'आज आजोबा असते तर' ही ओळ सगळेच शेवटी घालतात. त्या ओळीनंतर तिचे डोळे भरतात आणि पुढं काहीच कानावर पडत नाही. लगेच टाळ्या, लगेच केक, आणि ती तशीच बसून राहते. आजोबा घ्यायचेच असतील तर मध्ये, एका वाक्यात, एखाद्या कामासकट घ्या. म्हणजे त्यानंतर तिला सावरायला तीन-चार वाक्यं मिळतात.

पत्रिकेत किंवा पाकिटावर नावाआधी 'सौ.' छापलं जाणार नाही हेही बघा. छापखाने जुना मजकूर तसाच उचलतात. 'गं. भा.' मला स्वतःला नको वाटतं, पण काही घरांत अजून तेच लिहितात. 'श्रीमती' लिहा.

अवंती

आता मधला भाग. 'स्वातंत्र्यलढा पाहिलास' हे काढच. १९४६च्या जूनमध्ये जन्म, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ला ती चौदा महिन्यांची होती. तिला स्वतःलाच ते खोटं वाटेल, आणि समोर तिची भावंडं बसलेली असतील. आजीच्या आयुष्यातलं मोठं साल घालायचं तर आधी वजाबाकी करावी. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणे-पैमधला हिशेब शिकून झालेली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा. तेव्हा ती एकवीसची. १९७२च्या दुष्काळात सव्वीसची. 'दुष्काळ सोसलास' तू लिहिलंयस ते बरोबर असेल, पण त्यात तिनं नेमकं काय केलं हे माहीत नसेल तर तेही पुस्तकातलं वाक्य होतं.

'आधारस्तंभ', 'अथांग सागर', 'हातची चव' ही तिन्ही कुठल्याही आजीला लागतात, बहिणीला हेच म्हणायचं होतं. त्यांच्या जागी अशी तीन वाक्यं हवीत की ऐकून आत्या म्हणेल, 'ही माईच.' त्यासाठी तू तिच्या हातांकडे बघ. ती रोज काय करते, कुठं काय ठेवते, कुठला शब्द तीच वापरते. दहा-बारा गोष्टी इथं लिही, नीट सजवू नकोस.

नातू_कृष्णाकाठ

बाबा आणि आत्याशी बोलून लिहितोय.

भूकंपाच्या वेळी बाबा सहा महिन्यांचे होते. माईनं त्यांना पाळण्यातून उचलून अंगणात आणलं आणि मग आठ दिवस सगळे मांडवाखाली झोपले. हे ती स्वतः सांगते, हसत. पहाटे चार-साडेचारला तिला अजूनही जाग येते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती दुधाचा हिशेब मांडते. दूध आलं नाही त्या तारखेवर फुली, 'खाडा'. आजोबा असताना महिन्याअखेरी दोघं मिळून बेरीज करायचे. माझ्या सुट्टीच्या तारखांवरही ती तशीच फुली मारते. मी नसलेल्या दिवसांवर नाही, मी येणार त्या दिवसांवर.

जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते. माझी पुण्यात खोलीवर आहे, अजून वापरतो.

पावशेर म्हणते, पाव किलो कधीच नाही. नोटा कनवटीला. जाताना हातात शंभरची नोट कोंबते, मी कमवायला लागलो तरी. वटपौर्णिमेचं तिला काही वाटत नाही, 'मी पुनवेची' असंच म्हणते. 'पुनव' हा तिचा शब्द.

अवंती

यातली दिनदर्शिकेची गोष्ट सोन्यासारखी आहे. नसलेल्या दुधाची फुली आणि येणाऱ्या नातवाची फुली. हे तुझ्याशिवाय कुणीच लिहू शकत नाही.

सगळं घेऊ नकोस. भूकंप, खाडा आणि वाकळ, बस. शंभराची नोट मोहक आहे, पण पैशाचा उल्लेख साठ माणसांसमोर नको. इतर नातवंडांना ती किती देते यावर घरात चर्चा सुरू होईल. आजोबा खाड्याच्या वाक्यात आपोआप येतात, सुमनताई म्हणाल्या तसे मध्ये आणि कामासकट. शेवट हजाराव्या पुनवेचा. 'पौर्णिमा' लिहू नकोस, 'पुनव'च लिही.

आणि शेवटी वचन देणार असशील तर आधी रजा आणि तिकीट बघ. ती त्या तारखेवर फुली मारणार आहे.

रमाकांत_मिरज

'तीर्थरूप' राहिलं का?

अवंती

रमाकांतराव, कागदावर वर डाव्या बाजूला घालता येईल, पण वाचताना नको. 'शि. सा. न. वि. वि.' मोठ्यानं वाचायचं कसं? आणि काही जण तीर्थरूप फक्त आई-वडिलांना लिहितात, आजीला तीर्थस्वरूप.

रमाकांत_मिरज

आमच्याकडे आजी-आजोबांनाही तीर्थरूपच लिहीत. तीर्थस्वरूप काका-मामांना.

श्रवणा

मी कानांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून मजकूर सोडून बोलते. नातू, माईंना ऐकू नीट येतं का? आणि हॉलमध्ये माइक आहे का?

नातू_कृष्णाकाठ

उजव्या कानाला यंत्र आहे. डावा त्यातल्या त्यात बरा, पण 'तुम्ही बोलता ते ऐकू येतं, कळत नाही' असं म्हणते. माइक आणि दोन मोठे बॉक्स आहेत.

श्रवणा

'ऐकू येतं पण कळत नाही' ही वयाबरोबर कान उतरल्याची खूण आहे. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, क अशी व्यंजनं पुसली जातात. म्हणून ओरडून उपयोग नाही, ओरडल्यानं स्वरच मोठे होतात. हॉलमध्ये बॉक्समधून आवाज घुमला की आणखी बिघडतं, आणि यंत्र तो सगळा गोंधळही मोठा करून कानात देतं.

म्हणून असं करा. माईंची खुर्ची बॉक्सपासून शक्य तितकी लांब, बॉक्सच्या तोंडासमोर तर नकोच. तुम्ही त्यांच्या समोर, थोडे त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला, दोन-तीन हातांवर उभे राहा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडायला हवा, कारण त्या ओठांकडे बघून अर्धं समजून घेत असणार. खिडकीकडे पाठ केलीत तर चेहरा काळा दिसेल. माइकनं तोंड झाकू नका, हनुवटीखाली धरा. मागचं संगीत त्या दोन मिनिटांपुरतं बंद, डोक्यावरचा पंखाही जमलं तर बंद. यंत्राची बॅटरी सकाळी बदलायला आत्याला सांगून ठेवा. कार्यक्रमाच्या मधोमध बॅटरी संपते आणि आजी कुणाला सांगत नाही, नुसती मान हलवत राहते. कशालाही हसून 'हो हो' म्हणायला लागली की समजा, ऐकू येत नाहीये.

लांबी दीडशे ते पावणेदोनशे शब्द. सावकाश वाचलं तर पावणेदोन-दोन मिनिटं होतात. त्याहून लांब ऐकायचं म्हणजे दमणं असतं.

भटक्या०७

माझी चौकट नको असेल तर नको, पण छपाईचं मला खरंच कळतं. कागदावर मागं फोटो टाकून त्यावर अक्षरं छापू नका, सोनेरी शाई तर अजिबात नको. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि ओळ दिसत नाही. साधा मॅट, किंचित पिवळसर कागद, काळी अक्षरं, आकार २० पॉइंट, ओळींमध्ये दीडपट अंतर. तुमचा मजकूर ए-फोरच्या एका बाजूवर बसेल. दोन्ही कडा सरळ करायच्या नादात शब्दांमध्ये मोठी भोकं पडतात, म्हणून डावी कडच सरळ ठेवा. फाइलची भाषा मराठी निवडा, नाहीतर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि त्या पिढीला ते परके दिसतात. छापायच्या आधी एक परिच्छेद १८, २० आणि २४ मध्ये काढून, तिच्याच वयाच्या शेजारणीला तिच्या चष्म्यानं वाचायला द्या.

अवंती

भटक्या, हे फार कामाचं. पण मी म्हणेन, हातानं लिहावं. एकरेघी कागद, काळं जेल पेन, एक ओळ सोडून एक. छापलेलं कुणाचंही असू शकतं.

भटक्या०७

अक्षर वाचता येण्यासारखं असेल तर नक्की. नसेल तर छापा आणि खाली फक्त सही व 'माई' हा शब्द हातानं.

नातू_कृष्णाकाठ

माझं अक्षर बरं आहे, हातानं लिहितो. कार्यालयातून २० ते २३ मार्चची रजा मंजूर करून घेतली. आता हा मजकूर:

"माई,

आज तुला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. तुला नमस्कार करतो.

दाखल्यावर तुझा वाढदिवस एक जूनला होऊन गेला. तू म्हणतेस, मी पुनवेची. जुनं पंचांग पाहिलं, त्या पुनवेला तारीख होती चौदा जून. म्हणजे आजचीच.

कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तू एकवीस वर्षांची होतीस. सहा महिन्यांच्या बाबांना पाळण्यातून उचलून तू अंगणात आलीस. ते बाबा आज इथं उभे आहेत, आणि त्यांच्या शेजारी मी.

दूध आलं नाही की तू तारखेवर फुली मारतेस. खाडा. महिन्याअखेरी तू आणि आजोबा बेरीज करत बसायचात आणि मला चार आणे जास्त-कमी झालेले शोधायला लावायचात. मी येणार असतो त्या तारखेवरही तू फुलीच मारतेस. ती फुली बघायला मी येतो.

तुझ्या लुगड्यांची वाकळ माझ्या पुण्याच्या खोलीत आहे. थंडीत दुसरं काही लागत नाही.

माई, तुझ्या नऊशे नव्वद पुनवा झाल्या. हजारावी होळीची आहे. मी आदल्या दिवशी येतोय. होळी पेटली की आपण दोघं अंगणात बसून चंद्र बघू. आज घरी गेल्यावर तेवढी फुली मारून ठेव.

तुझा नातू"

तिथीमित्र

हिशेब बरोबर आहे. नवीन वर्षाचं पंचांग हातात आलं की होळी कुठल्या संध्याकाळची ते बघून घ्या, पौर्णिमा दोन तारखांवर पसरली आहे. तुमची रजा दोन्ही धरते हे चांगलं केलंत.

रमाकांत_मिरज

पहिल्याच परिच्छेदात नमस्कार आला, समाधान वाटलं. मी अजूनही हनुमान जयंतीच म्हणेन.

सुमनताई

'महिन्याअखेरी तू आणि आजोबा' इथं आवाज जड झाला तरी थांबू नका, पुढच्या वाक्यावर जा. 'चार आणे शोधायला लावायचात' याला तिला हसू येईल.

मेघा_डब्लिन

फुलीच्या तारखेसाठी पुढच्या वर्षीची दिनदर्शिका जूनमध्ये मिळते का?

नातू_कृष्णाकाठ

अरे हो! २०२७ची जूनमध्ये कुठून मिळणार.

भटक्या०७

मार्च २०२७चं एकच पान मी करून देतो. तिच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा आकार मोजून कळव, तारखांचे चौकोन तेवढेच ठेवतो, म्हणजे तिला फुली मारायला जागा मिळेल. तिथी तिथीमित्र तपासून देतील. तेवढं पान कागदामागं टाचून दे.

श्रवणा

टाचणीऐवजी क्लिप लावा. आणि 'खाडा' या शब्दानंतर दोन सेकंद थांबा, त्या बहुधा मध्येच काहीतरी बोलतील.